‘कानडा हो विठ्ठलु’ वाचायचा कसा? अर्थाचे वर्तुळ आणि क्षितिजांचे मीलन, एका अभंगावर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या भजनी मंडळात ज्ञानेश्वरांचा हा अभंग सुरू झाला की ‘कर्नाटकु’ या शब्दापाशी माणसे एकमेकांकडे बघतात. कुणी हसतो, कुणाच्या कपाळाला आठी पडते. पुण्यात हा शब्द चालीबरोबर पुढे निघून जातो, आपल्याकडे तो अडतो. म्हणूनच सव्वासातशे वर्षांपूर्वीचा मजकूर कसा वाचावा हे शिकायला याच्याइतका चांगला नमुना आपल्या भागात दुसरा नाही.

दोन कल्पना हाताशी ठेवायच्या आहेत. पहिली अर्थाच्या वर्तुळाची. शब्दाचा अर्थ पूर्ण अभंगावरून ठरतो आणि अभंगाचा अर्थ शब्दांवरून, म्हणजे सुरुवात कुठूनही केली तरी दुसरी बाजू आधी कळलेली हवी. जर्मन विद्वान श्लायरमाखर (१७६८–१८३४) याने ही अडचण नीट मांडली. १९२७ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने म्हटले की या वर्तुळातून बाहेर पडण्याची धडपड करू नका, त्यात नीट शिरा. दुसरी कल्पना क्षितिजांच्या मीलनाची, ती जर्मन तत्त्वज्ञ गाडामरने १९६० च्या ‘सत्य आणि पद्धती’ या ग्रंथात मांडली. वाचणारा जिथे उभा असतो तिथून त्याला ठराविक टप्प्यापर्यंतच दिसते, ते त्याचे क्षितिज. जुन्या मजकुराचेही स्वतःचे क्षितिज असते. वाचताना आपले क्षितिज सरकते आणि दोन्ही मिळून एक नवे तयार होते. गाडामरला स्वतःला पायऱ्या-पायऱ्यांची पद्धत मान्य नव्हती, त्यामुळे हा लेख त्याला फारसा आवडला नसता. पण सुरुवातीला हाताला धरायला काहीतरी लागतेच.

तीन बैठका धरा, प्रत्येकी तासाभराची, मध्ये दोन-तीन दिवस सोडून. एकट्याने जमते, पण चार-पाच जण असले तर बरे. त्यातला एक तरी घरात कानडी बोलणारा असावा. साहित्य फार लागत नाही: ज्ञानेश्वरांच्या गाथेच्या दोन वेगवेगळ्या छापील प्रती, एक वही आणि कोश. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) बहुतेक वाचनालयांत मिळतो. तुळपुळे आणि फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) मिळाला तर उत्तम, पण त्यातले अर्थ इंग्रजीत आहेत हे लक्षात ठेवा.

पहिली बैठक: कोश मिटलेला

पहिली वीस मिनिटे कोश उघडायचा नाही, टीपही वाचायची नाही. वहीच्या डाव्या पानावर अभंग उतरवून काढा. गाऊ नका, उतरवा. चालीत शब्द सुटून जातात, हाताखाली ते अडतात.

> पांडुरंगकांती दिव्य तेज झळकती । रत्नकीळ फांकती प्रभा ।
> अगणित लावण्य तेजःपुंजाळलें । न वर्णवे तेथिंची शोभा ॥
> कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु । येणें मज लावियेला वेधु ।
> खोळ बुंथी घेऊनि खुणेची पालवी । आळविल्या नेदी सादु ॥
> शब्देंविण संवादु दुजेंविण अनुवादु । हें तंव कैसेंनि गमे ।
> परेहि परतें बोलणें खुंटलें । वैखरी कैसेंनि सांगे ॥
> पाया पडूं गेलें तंव पाउलचि न दिसे । उभाचि स्वयंभु असे ।
> समोर कीं पाठिमोरा न कळे । ठकचि पडिलें कैसें ॥
> क्षेमालागीं मन उतावीळ माझें । म्हणवूनि स्फुरताती बाहो ।
> क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली । आसावला जीव राहो ॥
> बापरखुमादेवीवरु हृदयींचा जाणुनि । अनुभवु सौरसु केला ।
> दृष्टीचा डोळा पाहों गेलें तंव । भीतरीं पालटु झाला ॥

आता उजव्या पानावर, कुणाशी न बोलता, प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या: हा अभंग कशाबद्दल आहे असे वाटते, कोणता शब्द वाचताना मनात काहीतरी हलले, आणि तसे का झाले. खरे लिहा. ‘विठ्ठल आमचा की त्यांचा’ असे आले असेल तर तेच लिहा. हे पान फाडायचे नाही, तिसऱ्या बैठकीत ते पुन्हा लागते.

हे कशासाठी? आपण कोऱ्या मनाने वाचतच नाही, आपण पूर्वसमज घेऊन वाचतो. गाडामरचे म्हणणे असे की पूर्वसमज ही नुसती अडचण नाही, त्याच्याशिवाय वाचणे सुरूच होत नाही. घोटाळा होतो तो आपला पूर्वसमज आपल्यालाच न दिसल्यामुळे. बेळगावच्या वाचकाच्या पानावर बहुधा पुढच्या गोष्टी असतात. १९५६ ची राज्य पुनर्रचना. १ नोव्हेंबर, जो एकाच शहरात कुणाचा राज्योत्सव आणि कुणाचा काळा दिवस असतो. दुकानांच्या पाट्या. आणि ‘कानडी’ हा शब्द, जो आपण सहज वापरतो पण समोरचा ‘कन्नड म्हणा’ म्हणतो. हे सगळे वहीत उतरले की त्याच्याकडे बोट दाखवता येते. मनातच राहिले तर ते आपल्या नकळत कोशातला अर्थ निवडते.

बैठकीच्या शेवटी दोन प्रती शेजारी ठेवून पाठभेद टिपा. एका प्रतीत ‘येणें’, दुसऱ्या प्रतीत ‘तेणें’. कुठे ‘खुणेची’, कुठे ‘खुणाची’. हे अभंग तोंडी आणि हस्तलिखितांतून उतरत आले आहेत, त्यामुळे अक्षर न् अक्षर ज्ञानेश्वरांचे मानून त्यावर इमला चढवायचा नाही. अभंगांचे ज्ञानेश्वर आणि ज्ञानेश्वरीचे ज्ञानेश्वर एकच का, हा वादही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रंगला होता. आपल्या कामाला इतके पुरे: ‘बापरखुमादेवीवरु’ ही नाममुद्रा परंपरेने ज्ञानेश्वरांची मानली आहे, आणि त्या परंपरेतच हा अभंग ऐकला गेला आहे.

दुसरी बैठक: वर्तुळ फिरवणे

शब्दांना तीन खुणा करा. कळलेल्या शब्दांना काही नको. न कळलेल्यांखाली सरळ रेघ. आणि कळले असे *वाटणाऱ्या* पण जरा संशय येणाऱ्या शब्दांखाली नागमोडी रेघ. सगळी मेख या तिसऱ्या वर्गात आहे. ‘बुंथी’ न कळल्यामुळे कुणी फसत नाही, तो कोश उघडतो. माणूस फसतो ते ओळखीच्या शब्दावर.

‘पालवी’ घ्या. आज पालवी म्हणजे कोवळी पाने, आणि ‘खुणेची पालवी’ म्हटले की डोळ्यासमोर काहीतरी हिरवे येते. पण इथे ‘पालवी’ हे क्रियापद आहे. जुन्या मराठीत ‘करी’, ‘घेई’ तसे ‘पालवी’ म्हणजे पालवतो, हाताने किंवा पदराने बोलावतो. ‘खुणेची’मधली ‘ची’ ही ‘चि’ म्हणून वाचली की अर्थ सरळ होतो: खुणेनेच बोलावतो. खोळ पांघरून, बुंथी म्हणजे डोक्यावरचे आवरण घेऊन तो खुणावतो, आणि हाक मारली की साद देत नाही. खोळ समजायला खानापूरच्या पावसात वाढलेल्याला कोश लागत नाही. माणूस खोळीत असला की तो आहे हे दिसते, कोण आहे ते कळत नाही. इथे आपले क्षितिज आपल्याला थेट मदत करते.

‘क्षेम’ही तसेच. आज क्षेम म्हणजे खुशाली. मग ‘क्षेमालागीं मन उतावीळ’ म्हणजे खुशाली विचारायला उतावीळ? शेजारची ओळ बघा: ‘म्हणवूनि स्फुरताती बाहो’. खुशाली विचारायला बाहू कशाला स्फुरतील? जुन्या मराठीत क्षेम देणे म्हणजे मिठी मारणे. शेजारच्या ओळीने शब्द दुरुस्त केला आणि दुरुस्त शब्दाने पुढची ओळ उघडली: मिठी मारायला गेले, तर तिथे मी एकटीच. अर्थाचे वर्तुळ म्हणतात ते हेच, इतके साधे.

‘एकली’ म्हटल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. बोलणारी बाई आहे. ‘पाया पडूं गेलें’ मधले ‘गेलें’ म्हणजे आजचे ‘मी गेले’. हा विरहिणीचा अभंग आहे, भक्त इथे प्रियकराला भेटायला निघालेली स्त्री होऊन बोलतो. पहिल्या उजव्या पानावर हे बहुधा कुणीच लिहिलेले नसते, कारण नजर ‘कर्नाटकु’वर खिळलेली असते.

आता त्या ओळीकडे या. इथे वर्तुळ तीनदा फिरवावे लागते.

*पहिला फेरा.* ‘कानडा’ म्हणजे कर्नाटकातला, ‘कर्नाटकु’ म्हणजेही तेच. मग पूर्ण अभंग काय होतो? देव कानडी, भक्त मराठी, भाषा कळत नाही, म्हणून शब्दांविना संवाद, आणि ‘अनुवादु’ म्हणजे भाषांतर, तेही दुभाष्याविना! बेळगावच्या दुभाषिक माणसाला हा अर्थ इतका गोड लागतो की तो तिथेच थांबतो. गंमत म्हणजे पाच-सहा ओळी यात बसतातही. म्हणूनच हा फेरा धोक्याचा आहे: चुकीचा अर्थ पूर्ण चुकीचा क्वचितच असतो, अर्धा बसतो.

तपासायचे कसे? न बसणाऱ्या ओळी मोजा. पाऊलच दिसत नाही, ते भाषा न कळल्यामुळे? समोर की पाठमोरा कळत नाही, ते का? मिठी मारायला गेल्यावर ‘मीचि मी’ का उरते? पहिल्या अर्थाने यांपैकी एकही ओळ उलगडत नाही. आणि ‘अनुवाद’ हा शब्द नागमोडी रेघेचा आहे. जुन्या वापरात अनुवाद म्हणजे मागोमाग बोलणे, म्हटलेले पुन्हा म्हणणे. ‘दुजेंविण अनुवादु’ म्हणजे समोर दुसरा कुणी नसताना बोलण्याला प्रतिबोल. भाषांतर हा अर्थ आपण आजच्या फायलींतून आणि नोटिसांतून आणला.

व्याकरणही बोलते. विठ्ठलु, वेधु, सादु, संवादु, तसाच कर्नाटकु, सगळे उकारान्त पुल्लिंगी. म्हणजे ‘कर्नाटकु’ हे इथे ठिकाणाचे नाव नाही, विठ्ठलाला लावलेले विशेषण आहे. विठ्ठल कुठे आहे हे ती ओळ सांगत नाही, विठ्ठल कसा आहे हे सांगते.

*दुसरा फेरा.* कोश उघडा. ‘कानडा’ला जुन्या मराठीत दुसरा अर्थ आहे: न कळणारा, दुर्बोध, गूढ. परंपरेतल्या निरूपणात हाच अर्थ घेतात, आणि ‘कर्नाटकु’ची फोड नाटक करणारा, लीला दाखवणारा अशी करतात. आता न बसणाऱ्या ओळी बसतात: अगम्य देव, दिसतो न दिसतो, हाती लागत नाही. कीर्तनकार इथे थांबतात, आणि सीमाभागातल्या बऱ्याच जणांना हायसे वाटते की बरे झाले, कर्नाटकाचा संबंधच नाही!

या हायसे वाटण्यावर नागमोडी रेघ मारा. अर्थ आपल्याला सोयीचा निघाला की तो आणखी एकदा तपासायचा, हा नियम. प्रश्न असा की ‘अगम्य’ म्हणायला इतके शब्द असताना नेमका ‘कानडा’च का, आणि त्याला चिकटून ‘कर्नाटकु’ का? दोन्ही शब्दांचा एका प्रदेशाशी संबंध आणि दोन्ही शेजारी, हा योगायोग मानायला मन धजत नाही. शिवाय पंढरपूरला होयसळ राजा सोमेश्वराचा शके ११५९ (इ.स. १२३७) चा शिलालेख आहे, त्यात संस्कृत आणि कानडी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ.स. १२९०) ची. म्हणजे जेमतेम पन्नास वर्षांपूर्वी पंढरपुरात कानडी अक्षरे कोरली जात होती. विठ्ठलाच्या वाटेवर कानडी माणूस रोज भेटत असणार. ऐकणाऱ्याच्या कानावरून तो अर्थ पुसला गेला असेल असे म्हणणे कठीण आहे.

*तिसरा फेरा.* इथे मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांची, एक युक्ती कामी येते: उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, शेजारी ठेवून बघा. पहिल्या कडव्यात तेज झळकते, प्रभा फाकते, म्हणजे डोळ्याला दिसते. शेवटच्या कडव्यात ‘दृष्टीचा डोळा’ पाहायला जाते आणि ‘भीतरीं पालटु’ होतो. अभंग डोळ्यापासून निघून डोळ्यामागच्या डोळ्यापाशी पोचतो. मग मधले काय? ओळीने वाचा. हाक मारली, साद नाही: कान हरला. वैखरी म्हणजे तोंडाने उच्चारलेली वाणी, ती सांगू शकत नाही; परा म्हणजे वाणीचा सर्वांत खोल थर, त्याच्याही पलीकडे बोलणे खुंटले: वाणी हरली. पाया पडायला गेले, पाऊल नाही. समोर की पाठमोरा, दिशा हरली. मिठी मारली, हातात मीच. एकेक इंद्रिय पुढे होते आणि रिकाम्या हाताने परतते.

आता ‘कानडा’ परत आपल्या जागी ठेवा. तो या मालिकेच्या तोंडाशी आहे, कान आणि वाणी हरण्याच्या आधी. ज्याची भाषा मला येत नाही, तो मला बोलावतो आहे, इथून हरणे सुरू होते. म्हणजे ‘परप्रांती’ आणि ‘अगम्य’ हे दोन अर्थ भांडत नाहीत. पहिल्यातूनच दुसरा निघतो आणि पुढच्या प्रत्येक ओळीत तो खोल जातो. पहिल्या फेऱ्यात ज्या ओळी बसल्या नव्हत्या त्या सगळ्या बसल्या, आणि दुसऱ्या फेऱ्याने जो अर्थ बाहेर टाकला होता तोही परत आला. असे झाले की फेरा नीट पडला असे समजावे. श्लेष म्हणून दोन अर्थ नुसते शेजारी मांडून ठेवणे वेगळे, आणि एक अर्थ दुसऱ्याकडे नेतो हे दाखवणे वेगळे.

पुरावा कुठवर ताणायचा

तुकोबांचा एक अभंग या जागी हटकून आठवतो: ‘कानडीनें केला मऱ्हाटा भ्रतार । एकाचें उत्तर एका न ये’. पुढे ती त्याला ‘इल बा’ म्हणून बोलावते आणि तो पळतो. पुण्याच्या वाचकाला इथे तळटीप लागते. शहापुरात कुठल्याही पोराला विचारा, ‘इल्लि बा’ म्हणजे ‘इकडे ये’, हे तो सांगेल. विनोद पहिल्या झटक्यात पोचतो: ती जवळ बोलावते आणि नेमके तेच ऐकून तो लांब जातो. सीमेवरचा वाचक इथे जास्त जवळ उभा आहे.

पण हा सतराव्या शतकातला मजकूर आहे, ज्ञानेश्वरांनंतर साडेतीनशे वर्षांचा. ‘कानडी म्हणजे न कळणे’ ही रेघ मराठीत लांबवर चालत आली आहे, इतकेच यावरून म्हणता येते. तेराव्या शतकातल्या शब्दाचा अर्थ त्याने सिद्ध होत नाही. उलट ‘कर्नाटकु’ वाचून आजचे राज्य डोळ्यासमोर येत असेल तर तारीख आठवा: म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १९७३ च्या १ नोव्हेंबरला. आणि तेराव्या शतकात बेळगावचा रट्ट राजघराण्याचा मुलूख देवगिरीच्या यादवांनी जिंकला होता, ज्या यादवांचे कित्येक शिलालेख कानडीत आहेत. राजा एक, प्रजेच्या बोली दोन-तीन. भाषेवरून राज्याची हद्द आखणे ही त्या काळची गोष्टच नव्हती. त्यामुळे या अभंगातून सीमाप्रश्नाचा पुरावा काढायला बसलात तर दोन्ही बाजूंनी हात रिकामेच राहतील.

तिसरी बैठक: मीलन म्हणजे नेमके काय

बहुतेक गट इथे घसरतात. क्षितिजांचे मीलन म्हणजे थोडे त्यांचे, थोडे आपले अशी तडजोड असे त्यांना वाटते. किंवा आपण तेराव्या शतकात जाऊन बसायचे, असे. दोन्ही नाही. तिकडे जाऊन बसता येत नाही, कारण ‘कर्नाटकु’ ऐकल्यावर १९५६ विसरणे आपल्या हातात नाही.

प्रत्यक्षात करायचे ते असे. पहिल्या बैठकीचे उजवे पान उघडा आणि आपला प्रश्न मोठ्याने वाचा. मग विचारा, हा अभंग कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? गाडामरची ही सर्वांत उपयोगी शिकवण: मजकूर कळणे म्हणजे तो ज्या प्रश्नाला उत्तर देतो तो प्रश्न सापडणे. आपल्या पानावर ‘विठ्ठल कुणाचा?’ असेल. अभंगाचा प्रश्न आहे ‘जो ओढतो पण हाती लागत नाही, त्याला जाणायचे कशाने?’ दोन्ही प्रश्न एकाखाली एक लिहा आणि मध्ये चार बोटे जागा सोडा. त्या जागेत काय भरते ते बघायचे.

गटात कानडी बोलणारा सदस्य असेल तर इथे बोलणे असे काहीतरी होते:

“काका, ‘कानडा’ म्हणजे न कळणारा. तुम्हाला कसं वाटतं ऐकायला?”

“मला कळत्या की गा. न कळणारा तो तुला.”

यावर गट हसतो, पण हे वाक्य मधल्या जागेत लिहून ठेवावे. कानडी ही स्वतः अगम्य नाही, ज्याला येत नाही त्याला ती अगम्य आहे. म्हणजे ‘कानडा हो विठ्ठलु’ हे विठ्ठलाचे वर्णन असले तरी त्यात उणीव सांगितली आहे ती ऐकणारीची. आता शेवटच्या कडव्यातला ‘पालटु’ बघा: तो भीतरी होतो, म्हणजे तिच्यात. विठ्ठल बदलत नाही. हा बारकावा एकभाषिक वाचकाला सहज दिसत नाही, त्याच्या कानाला परकी भाषा सरळ दुर्बोधच वाटते. दोन भाषांत वाढलेल्या बेळगावच्या कानाला तो दिसतो. आणि हे आपण अभंगावर लादलेले नाही, कारण ‘भीतरीं’ हा शब्द त्यातच आहे. आपल्या जागेवरून दिसलेला अर्थ मजकुराच्या शब्दाला घट्ट बांधता आला की तो मीलनाचा अर्थ. बांधता आला नाही तर ती आपली हौस, वहीत वेगळ्या पानावर लिहावी.

आपलाही प्रश्न तसाच उरत नाही. ‘कुणाचा’ या प्रश्नात विठ्ठल ही मालकीची वस्तू आणि आपण दावेदार. अभंगात दावेदाराच्या मिठीत काहीच येत नाही. सीमाप्रश्न त्याने सुटत नाही, सुटावा अशी अपेक्षाही नाही. फक्त हा अभंग त्या दाव्यात कागद म्हणून दाखल करता येत नाही, हे तिसऱ्या बैठकीनंतर दोन्ही बाजूंच्या माणसाला कळते.

एक हरकत मात्र गंभीर आहे. १९६७ मध्ये जर्मन विचारवंत हाबरमासने गाडामरला विचारले की परंपरेवर इतका भरवसा कसा, परंपरेत सत्ता आणि तुच्छताही लपलेली असते. आपल्या उदाहरणात ती दिसते. ‘कानडा’ म्हणजे दुर्बोध, हा अर्थ शेजाऱ्याच्या बोलीला नावे ठेवण्यातून आला असणे अगदी शक्य आहे. अभंगाने त्यातून सुंदर काही केले म्हणून मूळचा बोचरेपणा गेला असे नाही. गटातल्या कानडी सदस्याला तो बोचला तर ‘अहो, तो गूढार्थ आहे’ म्हणून त्याला गप्प करू नये. त्याचे बोचणे हाही त्या शब्दाच्या इतिहासाचा भाग आहे, त्याचीही नोंद वहीत व्हावी.

बिघडले हे ओळखायचे कसे

तिसऱ्या बैठकीनंतर आपला अर्थ आणि पहिले उजवे पान तंतोतंत जुळत असेल तर वर्तुळ फिरलेच नाही, आपण जागच्या जागी गोल फिरलो. अशा वेळी ध्रुवपदाचे कडवे कागदाने झाका आणि बाकीची पाच कडवी पुन्हा वाचा. त्यांचा अर्थ ध्रुवपदाशिवाय लागतो का बघा, मग कागद उचला.

उलटही बिघडते. सगळे शब्द सुटले, पाठभेद लागले, शिलालेखाचा शक पाठ झाला, आणि अभंग मात्र आपल्याशी काहीच बोलत नाही. तो वस्तुसंग्रहालयातल्या काचेमागे गेला. त्यावर उपाय म्हणजे अभंग पुन्हा गाणे, यावेळी ‘क्षेम’ म्हणताना मिठी आणि ‘पालवी’ म्हणताना हाताची खूण मनात धरून. चालीनेही काही अर्थ आजवर सांभाळून आणला आहे. तो पहिल्या बैठकीत बाजूला ठेवला होता, आता परत घ्यायचा.

थांबायचे कधी? नव्या शब्दाचा अर्थ लागूनही बाकीच्या ओळी हलत नाहीत तेव्हा. या अभंगात एक शब्द अजून हलतो: ‘सौरसु’. ऐक्य, गोडी, सख्य, सगळे अर्थ थोडे थोडे बसतात. आणि ‘हृदयींचा जाणुनि’ ही जाण कुणाची, तिची की विठ्ठलाची, ते यावर ठरते. त्याखाली नागमोडी रेघ मारून वही मिटा. कार्तिकीला पुन्हा उघडाल तेव्हा तिथूनच सुरुवात करा.